प्रकल्पाचा विषय निवडताना गुणतक्ता कसा वापरावा

बडोद्यात आमच्या घरी दर जूनमध्ये एक वही उघडली जाते. नववी-दहावीतल्या कुणाला ना कुणाला विज्ञान प्रदर्शनासाठी विषय हवा असतो, आणि घरातील प्रत्येकाकडे एक विषय तयार असतो. गेल्या वर्षी भाचीच्या वहीत असे चार विषय जमले. सूरसागर तलावाच्या पाण्यातील जिवाणू घरी वाढवून मोजणे, विश्वामित्रीच्या मगरी दिवसाच्या कोणत्या वेळी काठावर येतात ते पाहणे, माठातील पाणी किती थंड होते ते मोजणे, आणि पतंगाच्या मांज्यात काच जास्त घातल्यास तो किती मजबूत होतो ते तपासणे. शाळेला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निकाल हवा होता, म्हणजे हातात जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने होते. ही तारीख लक्षात ठेवावी, कारण पुढे बरेचसे निर्णय तिच्यामुळेच झाले.

शिक्षकांनी मुलांना एक साधा गुणतक्ता दिला होता. रुची, शक्यता, नावीन्य आणि सुरक्षितता या चार निकषांवर प्रत्येक विषयाला १ ते ४ गुण द्यायचे, बेरीज करायची, आणि ज्याची बेरीज जास्त तो विषय घ्यायचा. भाचीने दहा मिनिटांत तक्ता भरला. जिवाणूंना अनुक्रमे ४, ४, ४ आणि १ असे १३ गुण मिळाले. मगरींना ४, ३, ४, १ म्हणजे १२. माठाला ३, ४, १, ४ म्हणजे १२. आणि मांज्याला ३, ३, ३, २ म्हणजे ११. "मामा, बेरीज तर जिवाणूंचीच जास्त येते," असे म्हणून ती वाण्याकडे अगार-अगार आणायला निघालीसुद्धा होती.

बेरजेत चूक नव्हती, पण सुरक्षिततेत ज्याला सर्वात कमी गुण मिळाले तोच विषय पहिला आला होता. हा तक्ता कुठे फसतो आणि तो कसा दुरुस्त करावा, हे याच चार विषयांच्या आधाराने पुढे सांगतो. चारऐवजी सहा विषय असले तरी पद्धत तीच राहते. मात्र सहापेक्षा जास्त विषय तक्त्यात घेऊ नयेत, कारण मग मूल तपासणी सोडून नुसते आकडे भरू लागते.

पहिली पायरी: सुरक्षिततेला गुण देऊ नयेत

बेरजेचा स्वभाव असा आहे की एका रकान्यातील उणीव दुसऱ्या रकान्यातील जास्तीच्या गुणांनी भरून निघते. रुची कमी आणि नावीन्य जास्त असेल तर ही भरपाई योग्यच म्हणावी लागेल. पण विषय फार आवडतो म्हणून त्यातील धोका कमी होत नाही. म्हणून सुरक्षितता बेरजेतून बाहेर काढावी आणि तिला दारावर उभे करावे. तेथे तीनच शेरे असावेत: हिरवा म्हणजे आत यावे, पिवळा म्हणजे अट पाळून आत यावे, आणि लाल म्हणजे विषय आहे त्या रूपात आत येणार नाही. ही तपासणी बाकीचे गुण देण्याच्या आधी करावी. एकदा विषयावर जीव जडला की लालाचा पिवळा करण्याची कारणे आपोआप सुचू लागतात.

शेरा अंदाजाने देऊ नये. प्रत्येक विषयासाठी तीन वाक्ये लिहून काढावीत: यात सर्वात वाईट काय घडू शकते, ते घडू नये म्हणून मी काय करणार आहे, आणि त्या वेळी माझ्याजवळ कोणती मोठी व्यक्ती उभी असेल. पहिल्याच वाक्याला काही उत्तर नसेल तर शेरा हिरवा. पहिले वाक्य लिहिता आले आणि दुसऱ्या-तिसऱ्याला घरातील माणसाच्या व वस्तूच्या नावानिशी उत्तर देता आले तर पिवळा. दुसऱ्या वाक्यात नुसते "काळजी घेईन" एवढेच येत असेल तर लाल.

जिवाणूंच्या विषयाला लाल शेरा का मिळाला, हे थोडे उलगडून सांगणे भाग आहे, कारण हा विषय दरवर्षी कुणीतरी आणतोच. तलावाच्या पाण्यात कोणते जिवाणू आहेत हे आपल्याला ठाऊक नसते. ते ठाऊक नाही म्हणूनच तर प्रयोग करायचा असतो. अगारच्या ताटलीत उबदार जागी एकेका पेशीची दोन-तीन दिवसांत डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत होते, म्हणजे जे पाण्यात विरळ होते ते आपण स्वयंपाकघरात दाट करून ठेवतो. पुढे ती ताटली मोजण्यासाठी उघडली जाते आणि शेवटी मोरीत किंवा कचऱ्याच्या डब्यात जाते. प्रयोगशाळेत अशा ताटल्या टाकून देण्याआधी दाबाच्या वाफेवर १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटे ठेवतात. आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी मेळाव्याच्या नियमांत तर घरी जिवाणू वाढवणे सरळ निषिद्ध आहे, मग ते निरुपद्रवी गणले जाणारे का असेनात. ज्या शाळेत प्रयोगशाळा आहे आणि देखरेख करणारे शिक्षक आहेत, तेथे हाच विषय पिवळा होऊ शकतो. भाचीच्या शाळेत तशी सोय नव्हती.

मांज्याचा विषयही आहे त्या रूपात लालच होता. काच कुटताना उडणारी बारीक पूड डोळ्यांत आणि श्वासात जाते, आणि रुमाल बांधल्याने ती पुरती अडत नाही. बाजारात मिळणारा नायलॉनचा मांजा घ्यावा म्हटले तर त्यावर २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातलेली आहे. मात्र लाल शेरा मिळालेला विषय लगेच खोडू नये, असा माझा अनुभव आहे. त्यातील कोणता शब्द धोक्याचा आहे ते शोधावे आणि तेवढाच शब्द काढून पाहावा. येथे तो शब्द "काच" हा होता. तो काढल्यावर उरला साधा सुती दोरा आणि त्याची मजबुती. भाचीने थोडा विचार करून विचारले, "मग कन्नी बांधताना दोरा गाठीपाशीच का तुटतो, ते मोजू का?" विषय पुन्हा दारात आला, आणि या वेळी त्याला पिवळा शेरा मिळाला, कारण दोरा तुटताना वजन खाली पडते आणि दोऱ्याचे टोक उसळते.

मगरींचा विषयही पिवळा ठरला, पण त्यासाठी जागा बदलावी लागली. विश्वामित्री शहराच्या मधूनच वाहते, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी वस्त्यांपर्यंत आल्या होत्या हे येथे कुणी विसरलेले नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मगर पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे, त्यामुळे तिला खायला घालून, हुसकावून किंवा जवळ जाऊन काहीही करता येत नाही. काठावरून पाहणे लाल. पुलावरून, दुर्बीण घेऊन, मोठ्या माणसाबरोबर पाहणे पिवळा. माठ अर्थातच हिरवा.

दुसरी पायरी: प्रत्येक गुणाला पुरावा ठरवावा

दारातून आत आलेल्या विषयांना आता तीन निकषांवर १ ते ४ गुण द्यायचे. चारच पायऱ्या ठेवण्याचे कारण असे की पाच ठेवल्या तर मन ठरत नसेल तेव्हा सगळेजण मधले ३ देऊन मोकळे होतात. पण खरा प्रश्न पायऱ्यांच्या संख्येचा नसून "४ म्हणजे काय" हा आहे. पहिल्या तक्त्यात भाचीने जिवाणूंना रुचीचे ४ गुण दिले, कारण तो शब्द तिला भारदस्त वाटला होता.

रुची मोजण्यासाठी मी एकच कसोटी लावतो. घड्याळ लावून, पुस्तक आणि फोन बाजूला ठेवून, दहा मिनिटांत त्या विषयावर स्वतःला पडलेले प्रश्न लिहावेत. तिनाहून कमी प्रश्न आले तर १ गुण, तीन ते पाच आले तर २, सहा किंवा अधिक आले तर ३. सहाहून अधिक प्रश्न असून त्यातील एखादा सोडवण्यासाठी मुलाने आधीच काहीतरी केलेले असेल, म्हणजे पाहून आले, मोजले, कुणाला विचारले, तर ४. भाची रोज सायकलवरून पुलावर थांबून मगरी शोधत असे, म्हणून मगरींना ४ मिळाले. दोऱ्याला आठ प्रश्न आले पण हातांनी काही झालेले नव्हते, म्हणून ३. माठाला सहा, म्हणून ३. जिवाणूंचा विषय दारातच थांबला होता, तरी कुतूहल म्हणून तिने त्यावरही प्रश्न लिहून पाहिले. चार आले, आणि चारही "किती असतील" याच एका प्रश्नाची रूपे होती.

नावीन्याबाबत मुलांचा नेहमी गैरसमज होतो. जगात कुणीच केले नाही असे काही नववीतल्या मुलाकडून अपेक्षित नसते. उत्तर आधीच ठाऊक आहे का, एवढेच येथे तपासायचे असते. प्रयोगाचे अपेक्षित उत्तर एका ओळीत लिहावे आणि शिक्षकांनाही वेगळे लिहायला सांगावे. दोघांनी तेच उत्तर खात्रीने लिहिले तर १ गुण. प्रश्न जुनाच पण वस्तू किंवा जागा आपली असेल तर २. मराठी, गुजराती आणि इंग्रजीत मिळून अर्धा तास शोधूनही आपल्या नेमक्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही तर ३, आणि त्यावर मोजण्याची रीतही स्वतः बसवावी लागणार असेल तर ४. माठात पाणी थंड होते हे आजीपासून शिक्षकांपर्यंत सर्वांनी लिहिले, म्हणून १. गाठ मारली की दोरा लवकर तुटतो हेही सर्वांनी लिहिले, पण साधी गाठ आणि कन्नीची गाठ यांत कोणती दोऱ्याला अधिक कमजोर करते हे कुणीच खात्रीने लिहिले नाही, म्हणून प्रश्न तेवढाच नेमका करून घेतला आणि त्याला ३ दिले. मगरींनाही ३.

तिसरी पायरी: शक्यता म्हणजे सर्वात कमकुवत कडी

या निकषावर सर्वात जास्त वेळ घालवावा, कारण बहुतेक प्रकल्प येथेच बुडतात, आणि तेही उशिरा, म्हणजे विषय बदलायला वेळ उरलेला नसताना. शक्यतेचे तीन भाग करावेत: वेळ, साधन आणि फरक. प्रत्येकाला १ ते ४ गुण द्यावेत, पण त्यांची सरासरी काढू नये. तिघांतील सर्वात कमी गुण हाच शक्यतेचा गुण धरावा. साधन उत्तम आहे म्हणून ऋतू बदलत नाही.

वेळ आणि साधन समजायला सोपे आहेत. ज्या दिवसांत काम करायचे त्या दिवसांत ती गोष्ट घडते का, आणि मोजायचे साधन आज घरात किंवा शाळेत आहे का, एवढेच पाहायचे. मगरी वेळेवर अडल्या. त्या ऊन खायला काठावर येतात त्या मुख्यतः हिवाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी चढलेले आणि गढूळ असते, काठ पाण्याखाली जातात, आणि पंधरा दिवस पुलावर उभे राहूनही वही कोरी राहण्याचीच शक्यता जास्त. म्हणून वेळेला १, आणि त्यामुळे शक्यतेलाही १.

फरक हा भाग मात्र मुले विसरतातच, आणि माठ नेमका तेथे फुटला. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी बाहेर वाफ होऊन जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. पण हवा आधीच दमट असेल तर वाफ होणार कशी? एप्रिलच्या दुपारी ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना माठातील पाणी हवेपेक्षा दहा अंशांहून अधिक थंड होऊ शकते. जुलैत ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना हा फरक कितीही केले तरी अडीच अंशांच्या आतच राहतो. घरातील साधा तापमापक स्वतःच एक अंश इकडेतिकडे दाखवतो. दोन अंशांचा फरक एका अंशाच्या चुकीने मोजायचा, आणि त्यातून दोन माठांची तुलना करायची, हे होण्यासारखे नाही. यासाठी एक ठोकताळा वापरावा: अपेक्षित फरक साधनाच्या चुकीच्या तिप्पट असेल तर ३, त्याहून बराच मोठा असेल तर ४, दुपटीच्या आसपास असेल तर २ आणि त्याहूनही कमी असेल तर १. माठाचा फरक कागदावर दोन अंश दिसत होता, पण तो पूर्ण वाळलेल्या माठाच्या आणि पूर्ण झिरपणाऱ्या माठाच्या तुलनेत. दोन झिरपणाऱ्या माठांमध्ये तो अर्धा अंशही उरला नसता. म्हणून १.

हा आकडा बसून सुचत नसेल तर अर्ध्या तासाची चाचणी करावी. भाचीने दोऱ्याची चाचणी मागच्या गॅलरीत केली. गजावरून दोरा सोडून खाली लहान बादली बांधली, बादली जमिनीपासून जेमतेम चार बोटे वर ठेवली म्हणजे पडली तरी काही बिघडू नये, डोळ्यांवर आजोबांचा जुना चष्मा लावला, आणि तांब्याने हळूहळू पाणी ओतत गेली. दोरा तुटला की पाण्यासकट बादली स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवायची.

पहिल्या तीन खेपांत गाठीचा आणि बिनगाठीचा दोरा जवळजवळ सारख्याच वजनाला तुटला. ती हिरमुसली. मग तुटलेली टोके हातात घेऊन पाहिली, तेव्हा लक्षात आले की बिनगाठीचा म्हणवणारा दोराही बादलीच्या कडीपाशीच तुटला होता, कारण तेथे तो गाठ मारूनच बांधलेला होता! मग वर आणि खाली एकेक लाटणे लावले आणि दोरा गाठ न मारता त्यावर सहा-सात वेढे देऊन गुंडाळला. वेढ्यांतील घर्षणामुळे ताण हळूहळू कमी होत जातो आणि दोरा बांधल्या जागी तुटत नाही. यानंतर बिनगाठीच्या पाच दोऱ्यांनी २.९, ३.४, ३.१, २.६ आणि ३.३ किलो वजन पेलले, म्हणजे सरासरी सुमारे ३.१, मध्ये साधी गाठ असलेल्या पाचांनी १.९, २.२, १.७, २.४ आणि २.०, म्हणजे सरासरी सुमारे २.० किलो. एकेका मापातील चढउतार साधारण चारशे ग्रॅमचा आणि दोन गटांतील फरक किलोभराचा. फरकाला सढळ हाताने नव्हे, पण ३ द्यायला हरकत नव्हती. साधनाला ४, वेळेलाही ४, कारण प्रयोग छपराखाली होतो. शक्यता ३.

या चाचणीत एक मर्यादाही कळली, ती वहीत लिहून ठेवली. सुती दोरा ओलसर झाला की कोरड्यापेक्षा मजबूत होतो, म्हणून पावसाळ्यात सोमवारी बिनगाठीचा आणि गुरुवारी गाठीचा अशी तुलना करता येणार नाही. दोन्ही प्रकार एकाच दिवशी, आलटूनपालटून तोडावे लागतील.

चौथी पायरी: आधी वजन, मग गुण, मग बेरीज

तिन्ही निकष सारखे महत्त्वाचे नसतील तर प्रत्येकाला भारांक द्यावा, पण तो गुण भरण्याआधी शाईने लिहून टाकावा. नंतर लिहिलेला भारांक नेहमी आवडत्या विषयाच्या बाजूने झुकतो. आम्ही रुचीला ३, शक्यतेला ४ आणि नावीन्याला ३ ठेवले, म्हणजे जास्तीत जास्त ४० गुण. भरताना विषयवार न भरता निकषवार भरावे: आधी सर्व विषयांची रुची, मग सर्वांचे नावीन्य, शेवटी सर्वांची शक्यता. एका विषयाचे सगळे रकाने सलग भरले की पहिला ४ पुढच्या रकान्यांनाही आपल्याकडे ओढतो. शिवाय दुसऱ्या कुणाकडून स्वतंत्रपणे तक्ता भरून घ्यावा, आणि जेथे दोघांत दोन गुणांचे अंतर पडेल तेवढ्याच जागी बसून बोलावे.

| विषय | शेरा | रुची ×३ | शक्यता ×४ | नावीन्य ×३ | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| जिवाणू | लाल | – | – | – | – |
| मगरी (पुलावरून) | पिवळा | ४ | १ | ३ | २५ |
| माठ | हिरवा | ३ | १ | १ | १६ |
| दोरा आणि गाठ | पिवळा | ३ | ३ | ३ | ३० |

पहिल्या तक्त्यात तळाला असलेला विषय आता वर आला होता, अर्थात बदललेल्या रूपात.

पाचवी पायरी: निकाल हलवून पाहावा

बेरीज आली की लगेच थांबू नये. भारांक थोडे बदलून पुन्हा बेरीज करावी. भाचीने रुचीला ५, शक्यतेला ३ आणि नावीन्याला २ केले, तेव्हा मगरी २९ वर आल्या आणि दोरा ३० वरच राहिला. रुची ६, शक्यता २, नावीन्य २ केल्यावर मगरी ३२ आणि दोरा ३०, म्हणजे निकाल उलटला. आता नेमका प्रश्न समोर आला: आवड ही शक्यतेच्या तिप्पट महत्त्वाची आहे असे आपल्याला खरोखर वाटते का? नववीतल्या मुलीला ते क्षणभर वाटलेही. पण मगरींच्या शक्यतेचा १ हा गढूळ पाण्यामुळे आलेला होता, आणि भारांक बदलल्याने पाणी उतरत नाही.

यावरून आम्ही तक्त्याच्या खाली एक नियम जोडला: शक्यतेत १ मिळालेला विषय त्या मुदतीसाठी बाद, मग एकूण बेरीज काहीही असो. हाच नियम रुचीलाही लावावा असे काही शिक्षक म्हणतात. मी तो लावत नाही, कारण चाचणी करताना हात गुंतले की रुची वाढलेली मी पाहिली आहे. दोन विषयांत तीनहून कमी गुणांचे अंतर असेल तर ते सारखेच समजावेत आणि दोघांचीही आणखी एकेक अर्ध्या तासाची चाचणी करावी. अशा वेळी बेरजेपेक्षा चाचणी अधिक सांगते.

बाद झालेले विषय मात्र वहीतून फाडू नयेत. प्रत्येकापुढे बाद होण्याचे कारण आणि ते कारण कधी दूर होईल तो महिना लिहावा. माठापुढे भाचीने "एप्रिल, दोन सारखे माठ, एकाला ओले फडके" असे लिहिले. जिवाणूंपुढे "प्रयोगशाळा मिळाली तरच". आणि मगरींपुढे "डिसेंबर, सकाळी नऊनंतर, पुलावरून, मामाबरोबर" असे लिहून खाली माझी सही घेतली.